पार्किंगमधली सर्वांत अंधारी जागा

पार्किंगमध्ये उजेड कमी पडतो अशी तक्रार आली की बहुतेक सोसायट्या आणि मंगल कार्यालये एकच उपाय करतात. आहे त्या खांबावर जास्त वॅटचा एलईडी फ्लडलाइट चढवतात आणि तो दूरवर पोचावा म्हणून वर तिरका वळवतात. त्यानंतर खांबाखाली लख्ख उजेड पडतो, पण दोन खांबांच्या मधली जागा आधीपेक्षा अधिक काळी वाटू लागते. हा निव्वळ भास नसतो. समोर झगझगीत उजेड असला की डोळा त्याच्याशी जुळवून घेतो आणि मंद उजेडातले तपशील त्याला दिसेनासे होतात. चालणारा माणूस, उघडे गटार, दोन गाड्यांमधून धावत येणारे मूल हे सगळे नेमके त्या मंद पट्ट्यात असते.

म्हणून पार्किंगच्या प्रकाशयोजनेची परीक्षा सर्वांत अंधाऱ्या जागी करायची असते. जमिनीवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. पौर्णिमेचे चांदणे जेमतेम पाव लक्स भरते. दुकाने आणि कार्यालये यांच्या मध्यम वर्दळीच्या उघड्या पार्किंगसाठी युरोपीय मानक सरासरी १० लक्स मागते. त्याबरोबर आणखी एक अट असते: सर्वांत कमी उजेडाच्या जागीही या सरासरीचा निदान चौथा हिस्सा मिळाला पाहिजे. यालाच समानता गुणोत्तर म्हणतात. अमेरिकेतल्या प्रकाश अभियंत्यांच्या संस्थेची जुनी शिफारस हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते: कुठेही २ लक्सपेक्षा कमी नको, आणि सर्वांत उजळ जागा सर्वांत अंधाऱ्या जागेच्या वीसपटीपेक्षा जास्त उजळ नको. ही किमान पातळी आहे. माझ्या मते वीसपट हा फरक फारच मोठा आहे.

हा फरक मुख्यतः खांबाची उंची आणि दोन खांबांमधले अंतर यांवर ठरतो. वॅटचा प्रश्न त्यानंतरचा. एक उदाहरण मांडून बघू.

समजा, ३० मीटर बाजूचा चौकोनी प्लॉट आहे आणि चार कोपऱ्यांवर चार खांब आहेत. गणित सोपे राहावे म्हणून प्रत्येक दिवा खालच्या सर्व दिशांना सारख्याच जोराने, १५०० कँडेलाने, प्रकाश टाकतो असे धरू. साधारण ५५ ते ६० वॅटच्या चांगल्या एलईडी दिव्याला हे जमते. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, शिवाय तो जितका तिरका पडेल तितका जमिनीवर पातळ पसरतो. या दोन नियमांनी हिशेब केला, तर खांब ६ मीटरचे असताना खांबाखाली सुमारे ४२ लक्स मिळतात आणि चौकोनाच्या मध्यावर, चारही दिव्यांचा उजेड मिळून, फक्त ३.४ लक्स. फरक बारा-तेरापट.

आता दिवे तेच ठेवू, वीजही तेवढीच, फक्त खांब १० मीटरचे करू. खांबाखालचा उजेड १६ लक्सवर उतरतो. मध्यावरचा मात्र वाढून ४.६ लक्सच्या पुढे जातो! दिवा लांब जाऊनही अंधारी जागा उजळते, कारण तिथे पोचणारा प्रकाश आता कमी तिरका पडतो. फरक साडेतीनपटीवर येतो. एक युनिटही जास्त न जाळता.

रिकाम्या प्लॉटवरचे हे आकडे गाड्या लागल्यावर आणखी दूर सरकतात. खांबापासून २० मीटरवर १.७ मीटर उंचीची एसयूव्ही उभी असेल, तर ६ मीटरच्या खांबावरून तिची सावली जवळपास ८ मीटर लांब पडते. म्हणजे शेजारचा येण्याजाण्याचा पट्टा पूर्ण झाकला जातो. १० मीटरच्या खांबावरून ती ४ मीटरपर्यंत आखडते. म्हणूनच दोन खांबांमधले अंतर उंचीच्या तिप्पट ते चौपट ठेवावे, असा ढोबळ संकेत या व्यवसायात आहे. ६ मीटरच्या खांबांवर ३० मीटरचे अंतर म्हणजे पाचपट, आणि तिथेच योजना फसते.

मग सगळीकडे उंचच खांब का लावत नाहीत? कारण शेजारी इमारत असते. १० मीटरवरचा दिवा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर येतो. शिवाय दिवा बदलायला शिडी पुरत नाही, क्रेनची गाडी बोलवावी लागते. सोसायटीच्या आवारात ८ मीटरचा खांब हा मला शहाणपणाचा मध्य वाटतो. वरच्याच चौकोनात तो खांबाखाली २४ आणि मध्यावर ४ लक्स देतो, म्हणजे सहापट फरक. जागा असेल तर अंतर २४ मीटरवर आणावे. चित्र आणखी सुधारते.

डोळ्यांवर येणारी चकाकीही याच भूमितीतून निर्माण होते. सरळ खाली पडणारा प्रकाश कुणाला त्रास देत नाही. उभ्या रेषेपासून ६० ते ९० अंशांत निघणारा प्रकाश मात्र चालकाच्या थेट डोळ्यांत शिरतो. आपल्या उदाहरणात ६ मीटरच्या दिव्याला मध्यावर पोचायला ७४ अंशांत प्रकाश फेकावा लागतो, १० मीटरच्या दिव्याला ६५ अंशांत. आखूड खांब दूर दूर रोवले की कंत्राटदाराला दिवा तिरका करावाच लागतो, आणि तिरका केला की चकाकी येते. बाहेरच्या आवारासाठी चकाकी मोजण्याचा स्वतंत्र निर्देशांक असतो. आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. वर सांगितलेले युरोपीय मानक मध्यम वर्दळीच्या पार्किंगला ५० ची कमाल मर्यादा घालते.

सपाट काचेचा, जमिनीला समांतर बसवलेला दिवा क्षितिजाच्या वर काहीच प्रकाश सोडत नाही. तोच ३० अंश वर उचलला की त्याच्या झोताचा एक भाग शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये आणि आकाशात जातो. प्रकाशाविषयीची आंतरराष्ट्रीय समिती उपनगरी वस्तीत रात्री उशिरा घराच्या खिडकीवर २ लक्सपेक्षा जास्त परका उजेड पडू नये असे सांगते. कुंपणालगतच्या दिव्याला मागच्या बाजूने आडोशाची पट्टी लावली की ही मर्यादा पाळणे सोपे जाते.

रंगाकडे आपल्याकडे फारसे कुणी पाहत नाही. बाजारात सहज मिळणारा ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी निळा प्रकाश भरपूर सोडतो, आणि हवेत निळाच जास्त विखुरतो. ३००० केल्विन किंवा त्याखालचा उबदार रंग घ्यावा, मध्यरात्रीनंतर सेन्सरने उजेड मंद करावा. दिवा खाली वळवला तरी काँक्रीट काही प्रकाश परत वर फेकतेच, म्हणून गरजेपेक्षा जास्त लक्स हेही प्रदूषणच आहे. आपल्याकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, त्याआधी आसपासच्या गावांतले रस्त्यांचे दिवे जमिनीकडे तोंड असलेले करून घेतले होते. गावांनी जे केले ते मॉलच्या पार्किंगला अवघड नाही.

तुमच्या सोसायटीत नवे दिवे येणार असतील, तर ऑर्डरमध्ये नुसते वॅट आणि नग लिहू नका. किमान लक्स, समानता गुणोत्तर, खांबाची उंची आणि अंतर, रंगाचे केल्विन आणि ‘दिवा शून्य अंशात, समांतर’ एवढे लिहून घ्या. दिवे लागल्यावर रात्री लक्समीटर जमिनीवर ठेवून दोन खांबांच्या मध्ये आणि चार खांबांच्या मधोमध मोजमाप करा, तेही गाड्या उभ्या असताना. तिथला आकडा बसला नाही, तर शेवटचे बिल रोखून धरा.