तीनशे चौरस फुटांचा स्लॅब: पैसा नेमका कुठे जातो?

यवतमाळ जिल्ह्यात घरकुलाचे काम भिंतींपर्यंत आले की घरातली चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: स्लॅबला किती पोती सिमेंट लागेल? वणीपासून उमरखेडपर्यंत कुठेही विचारा, उत्तर तयार असते. कोणी म्हणतो शंभर फुटाला सात, कोणी म्हणतो दहा. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि दोघांच्या आकड्यावर बेतलेला खर्च चुकूही शकतो. म्हणून एकच छोटा स्लॅब घेऊन हिशोब शेवटपर्यंत करून पाहू.

घर बाहेरून बाहेर 20 फूट लांब, 15 फूट रुंद. मध्ये एक आडवी भिंत, म्हणजे दोन खोल्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट आहे. आपले उदाहरण त्याच्याच आसपासचे. वर 300 चौरस फुटांचा, 5 इंच जाडीचा स्लॅब. छज्जा, बीम, वरची पॅरापेट भिंत यात धरलेली नाही.

"शंभर फुटाला इतकी पोती, ठरलेलेच असते"

ठरलेले नसते, कारण या वाक्यात जाडीच नाही. 300 चौरस फुटांचा स्लॅब 4 इंचांचा असेल तर काँक्रीट 100 घनफूट लागते, म्हणजे बरोबर एक ब्रास. 5 इंचांना 125 घनफूट, 6 इंचांना 150. सिमेंट त्याच प्रमाणात 23, 28 किंवा 34 पोती. जाडीतला प्रत्येक इंच जवळपास सहा पोती खातो. सेंट्रिंगच्या प्लेटा सपाट बसल्या नसतील तर हा इंच कोणाच्या लक्षात न येता जातो. काँक्रीट टाकण्याआधी दोरी लावून चार-पाच ठिकाणी खोली मोजली की तो पकडता येतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. वरचे आकडे 1:1.5:3 या मिश्रणाचे आहेत: एक माप सिमेंट, दीड माप रेती, तीन माप गिट्टी. एक पोते म्हणजे सव्वा घनफूट, तेच माप. हे एम-20 काँक्रीट. आय.एस. 456 या भारतीय मानकाने 2000 सालापासून लोखंड घातलेल्या काँक्रीटसाठी किमान दर्जा हाच ठेवला आहे. पण जुन्या मिस्त्रींच्या हातात अजून 1:2:4 बसलेले आहे. त्याने आपला स्लॅब 22 पोत्यांत होतो. "शंभर फुटाला सात" हा आकडा येतो तो इथूनच, आणि "दहा" येतो तो पाच इंच जाडीच्या एम-20 मधून.

"पोती वाचवली की स्लॅब स्वस्त पडतो"

इथे थांबून पूर्ण खर्च मांडायला हवा. दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे खालचे दर केवळ हिशोबासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचा दर टाकून तीच बेरीज पुन्हा करावी.

सिमेंट सांडलवंड धरून 30 पोती, 350 रुपयांनी 10,500. रेती 0.6 ब्रास, वाहतुकीसह 7,000 च्या दराने 4,200. गिट्टी 1.1 ब्रास, 4,000 ने 4,400. लोखंड 170 किलो, 60 रुपयांनी 10,200, आणि बांधायची तार दोनेकशे रुपयांची. साहित्य झाले सुमारे 29,500. आता मजुरी: सेंट्रिंग ठोकणे आणि काढणे 40 रुपये चौरस फूट, म्हणजे 12,000. लोखंड कापून, वाकवून बांधणे 10 रुपये किलोने 1,700. मिक्सर, व्हायब्रेटर आणि माणसांसह काँक्रीट टाकणे 25 रुपये फुटाने 7,500. एकूण 50,700, म्हणजे फुटाला सुमारे 169 रुपये.

या बेरजेत सिमेंटचा वाटा एक पंचमांश आहे. मजुरी आणि सेंट्रिंग मिळून 42 टक्के. मिश्रण 1:2:4 करून सहा पोती कमी केली तर वाचतात 2,100 रुपये, एकूण खर्चाच्या चार टक्के. त्या बदल्यात काँक्रीट एक दर्जा खाली उतरते. या व्यवहाराला काटकसर म्हणायला मन धजत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा बांधकाम एकदम स्वस्त होईल अशी बोलवा होती. आपल्या 30 पोत्यांवर ती पूर्ण सवलत दुकानातून हातात पडली तरी वाचतात सुमारे 900 रुपये. आपल्याच जिल्ह्यात, झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, म्हणून सिमेंट इथे मातीमोल मिळावे ही अपेक्षाही अशीच. जवळ असल्याने भाडे थोडे कमी पडेल, पण भाडे हा किमतीचा एक भाग आहे, किंमत नव्हे.

मोठा पैसा वाढतो तो क्षेत्रफळाने. "पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून चारी बाजूंनी फूटभर बाहेर काढा," असे सहज सांगितले जाते. 15 बाय 20 चे 17 बाय 22 झाले की क्षेत्रफळ 300 वरून 374 होते. चौथा हिस्सा वाढला, आणि खर्च साडेबारा हजारांनी. पावसाची बाजू बघून एक-दोन बाजूंनाच स्लॅब बाहेर काढणे परवडते, चारही बाजूंनी काढायचा तर तो निर्णय आहे हे माहीत असू द्यावे.

"पाणी सढळ असले की काँक्रीट नीट बसते"

बसते, आणि कमजोर होते. आय.एस. 456 मध्ये एम-20 च्या ठरावीक मिश्रणासाठी एका पोत्याला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी सांगितले आहे. म्हणजे 15 लिटरच्या दोन बादल्या, आणि त्यातही ओल्या रेतीतले पाणी धरायचे. आपल्या स्लॅबला सगळे मिळून साडेआठशे लिटरच्या आत पाणी लागायला हवे. मिक्सरवर नळी सुरूच राहिली तर हा आकडा दुपारपर्यंत ओलांडला जातो. माल खाली ओतल्यावर पाणी वेगळे वाहू लागले, प्लेटांच्या फटींतून सिमेंटचे दूध गळू लागले, की समजावे आपली दोन-चार पोती जमिनीत चालली. त्याच मालकाने सकाळी दोन पोत्यांसाठी घासाघीस केलेली असते.

"दहाचे लोखंड टाका, चिंता नको"

आपल्या खोल्यांचा गाळा नऊ फुटांच्या आत आहे. त्याला 8 मिलिमीटरच्या सळया मुख्य दिशेने सहा इंचांवर आणि आडव्या आठ इंचांवर साधारणपणे पुरतात. घरकुलाच्या अभियंत्याने नकाशावर वेगळे लिहिले असेल तर अर्थातच तेच खरे. लोखंडाचा हिशोब सळयांच्या संख्येवर करावा. सळई 12 मीटरची, म्हणजे 39 फूट 4 इंच. मुख्य सळया कडेची जागा सोडून 19 फूट 8 इंचांच्या, 31 नग. एका सळईत बरोबर दोन बसतात, सोळा सळया पुरल्या. आडव्या 14 फूट 8 इंचांच्या, त्याही 31. एका सळईतून दोन निघून दहा फुटांचा तुकडा उरतो. तो भंगारात न देता त्याचे पाच-पाच फुटांचे दोन भाग केले, की मधल्या भिंतीवर वरच्या अंगाला टाकायचे सगळे तुकडे त्यातूनच निघतात. त्यांना बांधायला आणखी चार सळया. एकूण 36 सळया, 170 किलो.

मुख्य सळई 10 मिलिमीटरची केली तर वजन 43 किलोंनी आणि खर्च अडीच हजारांनी वाढतो. तो पैसा वाया गेला असे नाही, पण सळई जागेवर नसेल तर जाडीचा उपयोग उरत नाही. खाली कव्हर ब्लॉक नसेल तर ती प्लेटेला टेकते, पुढे गंजते आणि छताचे पापुद्रे सुटू लागतात. घमेले घेऊन जाणाऱ्या पायांनी भिंतीवरची वरची सळई खाली दाबली, तर वरून भेग ठरलेली. घोड्या आणि कव्हर ब्लॉक यांना काहीशे रुपये लागतात.

वजनाची एक तपासणी दुकानातच होते. 8 मिलिमीटरची पूर्ण सळई 4.74 किलोंची असायला हवी. मानकात या जाडीला सुमारे सात टक्क्यांची सूट आहे. दहा सळयांची मोळी 44 किलोंच्याही खाली भरली तर माल परत करावा. नगावर लोखंड घेणाऱ्याची फसगत इथेच होते.

"एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास"

ब्रास म्हणजे 100 घनफूट, ट्रॉली कशीही असो. दहा फूट लांब, सहा फूट रुंद ट्रॉलीत रेती सपाट केल्यावर 20 इंच भरली तरच ब्रास होतो. शिवाय ओली रेती फुगते. थोड्या ओलीने आकारमान पंचवीस टक्क्यांपर्यंतही वाढते, म्हणून घमेल्याने माप घेताना मिश्रणात रेती कमी पडते आणि पैसे मात्र पूर्ण ब्रासचे जातात. आपल्या गणितात कोरडी रेती 53 घनफूट निघते, 0.6 ब्रास धरला तो या फुगण्यासाठी. घरकुल लाभार्थ्याला सरकारी धोरणाने पाच ब्रासपर्यंत रेती मोफत आहे, पण ती आणण्याचे भाडे आपल्या वहीत लिहावेच लागते. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो, तेव्हा उन्हाळ्यातला दर गृहीत धरून भादव्यात स्लॅब टाकायला निघालेला माणूस अडकतो.

"मिस्त्रीचा दर कमी, म्हणजे काम स्वस्त"

दर ऐकण्याआधी त्यात काय आहे ते विचारावे. एकाच्या 60 रुपयांत सेंट्रिंग, व्हायब्रेटर, डिझेल सगळे असते. दुसऱ्याच्या 50 मध्ये व्हायब्रेटर नसतो आणि लोखंड बांधणे वेगळे असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टेकू किती दिवस राहणार. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला मानक किमान सात दिवस सांगते, तेही साध्या ओपीसी सिमेंटसाठी. आपल्याकडे बहुतेक दुकानांत राखमिश्रित पीपीसी पोती मिळतात, त्यांना ताकद सावकाश येते, म्हणून टेकू आणखी काही दिवस ठेवायला हवेत. प्लेटा भाड्याच्या असल्याने सेंट्रिंगवाल्याला त्या पुढच्या कामावर न्यायच्या असतात. दिवस आधीच ठरले नाहीत तर पाचव्या दिवशी हातोडा घेऊन माणूस दारात उभा राहतो.

पाणी मारणेही दरात क्वचितच असते. पीपीसीला किमान दहा दिवस, आणि एप्रिल-मेच्या यवतमाळी उन्हात चौदा. स्लॅबवर सिमेंट-रेतीचे आळे करून पाणी भरून ठेवले की दिवसातून चार वेळा नळी घेऊन वर चढावे लागत नाही. टँकर विकत घ्यावा लागत असेल तर तो खर्चही आधीच्या 50,700 मध्ये मिळवायचा, कारण उन्हाळ्यात स्लॅब टाकणाऱ्याच्या वहीत नेमका हाच आकडा सुटलेला असतो.