गुडघ्याआधी नाकाची तपासणी

गुडघ्याचा सांधा बदलायचा ठरला, की काही रुग्णालयांत आधी नाकातून स्वॅब घेतात. दुखणं गुडघ्यात आणि तपासणी नाकाची, याचं रुग्णाला नवल वाटतं. पण साधारण दर तिघांपैकी एकाच्या नाकपुडीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू काहीही त्रास न देता राहत असतो. शस्त्रक्रियेच्या जखमेतून तोच आत गेला आणि कृत्रिम सांध्यावर चिकटला, तर हटवणं फार अवघड होतं. म्हणून तो नेहमीच्या औषधांना दाद देतो की नाही, हे आधीच कळायला हवं.

पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटतं आणि बांधकाम थांबवतं. स्टॅफने त्यावर पेनिसिलिनच तोडणारं एन्झाइम वापरलं. मग 1959 मध्ये मेथिसिलिन आलं. ते या एन्झाइमला तुटत नव्हतं. तरी 1961 मध्येच ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारे जीवाणू सापडले. त्यांची युक्ती वेगळी होती. गवंड्याचे हात बांधले, तर दुसराच गवंडी कामावर यावा, तसं त्यांच्याकडे एक जादा प्रथिन होतं. औषध त्याला नीट चिकटतच नाही. त्यामुळे मेथिसिलिनच नव्हे, पेनिसिलिनच्या कुळातली जवळजवळ सगळी औषधं निकामी ठरतात.

या प्रथिनाचं जनुक, मेक-ए, दुसऱ्या जातीच्या स्टॅफकडून आलेलं आहे. जुन्या नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासातून दिसतं, की ते 1940 च्या दशकातच, म्हणजे मेथिसिलिन येण्याआधीच, या जीवाणूत शिरलं होतं. पेनिसिलिनच्या भरमसाट वापरात असे जीवाणू तगले. नवं औषध आलं, तेव्हा ते आधीच तयार होते.

स्वॅब दोन्ही नाकपुड्यांत फिरवतात, बऱ्याच ठिकाणी जांघेतूनही घेतात. प्रयोगशाळेत तो संशयित वसाहतींना रंग आणणाऱ्या माध्यमावर लावला, की साधारण दिवसभरात वसाहती दिसतात. खात्रीसाठी 30 मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची चकती ठेवतात. चकतीभोवती जीवाणू न वाढलेलं वर्तुळ 22 मिलिमीटर किंवा जास्त भरलं, तर औषध लागू पडतं. समजा ते 14 भरलं, तर हा एमआरएसए. मेथिसिलिनऐवजी सेफॉक्सिटिन का? कारण ते मेक-ए जनुकाला चांगलं जागं करतं, त्यामुळे दबून राहिलेला प्रतिकारही उघडा पडतो. पीसीआर तपासणीत उत्तर काही तासांत मिळतं, पण ती मेलेल्या जीवाणूंचंही जनुक पकडू शकते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर साधारणपणे पाच दिवस नाकात म्युपिरोसिन मलम लावतात आणि क्लोरहेक्सिडिनने अंघोळ घालतात. शस्त्रक्रियेआधी नेहमी देतात त्या सेफॅझोलिनच्या जोडीला व्हँकोमायसिनही देतात. हे पाच दिवस शस्त्रक्रियेच्या अगदी आधीचे ठेवतात, कारण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अनेकांच्या नाकात तो जीवाणू पुन्हा येतो.