वीस टेराबाइटच्या डिस्क, दहा टेराबाइटची जागा

लग्नाचं छायाचित्रण करणाऱ्या एखाद्या स्टुडिओचं उदाहरण घेऊ. गेल्या काही वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ सुट्या हार्ड डिस्कवर विखुरलेले आहेत. सगळं एकत्र ठेवायचं म्हणून चार कप्प्यांचा एक स्टोरेज बॉक्स घेतला. ४ टेराबाइटच्या तीन डिस्क होत्याच, चौथी ८ टेराबाइटची मिळाली. बेरीज झाली वीस. बॉक्समध्ये डिस्क बसवल्या, ‘रेड-५’ हा पर्याय निवडला, काही तासांनी सगळं तयार झालं आणि पडद्यावर आकडा आला 10.9 TiB. त्यावर फायली ठेवायला प्रत्यक्षात मोकळी जागा सव्वादहाच्या आसपास. बिलावर वीस आणि हातात दहा. दुकानदाराने फसवलं, डिस्क खराब निघाली की आपलंच काही चुकलं, असा प्रश्न कोणालाही पडेल.

यातलं काहीच झालेलं नाही. ही घट चार ठिकाणी झालेली आहे आणि चारही कारणं अगदी वेगवेगळी आहेत. एका ठिकाणी जागा खरोखर वाया गेली आहे, दुसऱ्या ठिकाणी ती जाणूनबुजून राखून ठेवली आहे, तिसऱ्या ठिकाणी एक बाइटही गेलेला नाही, फक्त मोजमाप बदललं आहे. हा फरक कळला नाही, तर माणूस नको तिथे वाचवायला जातो.

आधी चौथ्या, मोठ्या डिस्कचं बघू. अनेक डिस्क एकत्र जोडताना माहितीचे छोटे तुकडे पाडून ते आळीपाळीने एकेका डिस्कवर लिहितात. याला स्ट्रायपिंग म्हणतात. लिनक्समध्ये असा एक तुकडा साधारणपणे ५१२ किलोबाइटचा असतो. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा तिसऱ्यावर, असं करत सगळ्या डिस्कवर मिळून एक ओळ पुरी होते आणि मग खालची ओळ सुरू होते. ओळ पुरी व्हायला प्रत्येक डिस्कवर जागा हवी. ४ टेराबाइट भरले की तीन डिस्क संपतात. चौथीवर अजून ४ टेराबाइट शिल्लक असतात, पण त्यांच्या जोडीला बसणारं कोणी उरत नाही. म्हणून सगळ्या डिस्क सर्वांत लहान डिस्कच्या मापाच्या धरल्या जातात. विसाचे सोळा इथेच होतात.

मिररिंगमध्येही तेच. तिथे एकाच माहितीच्या दोन तंतोतंत प्रती दोन डिस्कवर राहतात. ४ आणि ८ टेराबाइटची जोडी लावली, तर चारच मिळतात, कारण पाचव्या टेराबाइटची दुसरी प्रत ठेवायला लहान डिस्कवर जागाच नाही. या नियमाला थोडे अपवाद आहेत. लिनक्सचा स्वतःचा रेड-० उरलेल्या टोकावरही लिहितो, अर्थात त्या भागात एकच डिस्क काम करत असते. सिनॉलॉजीच्या बॉक्समधली एसएचआर पद्धत उरलेले तुकडे वेगळे जोडून वापरते, पण त्यासाठी मोठ्या डिस्क किमान दोन लागतात. आपल्या उदाहरणात मोठी डिस्क एकच आहे, त्यामुळे तिथेही तिचा अर्धा भाग रिकामाच राहिला असता. माझं मत विचाराल तर ८ टेराबाइटच्या एका डिस्कवर पैसे घालण्याऐवजी ४ चीच चौथी घेणं शहाणपणाचं होतं.

आता सोळाचे बारा कसे झाले ते पाहू. ही घट मात्र हेतुपुरस्सर आहे, आणि बॉक्स ज्या कामासाठी घेतला ते काम हीच घट करते. नुसतं स्ट्रायपिंग, म्हणजे रेड-०, सोळाच्या सोळा टेराबाइट देतं, पण एक डिस्क गेली की प्रत्येक मोठ्या फायलीचा चौथा हिस्सा गेला, म्हणजे सगळंच गेलं. मिररिंग आणि स्ट्रायपिंग एकत्र केलं, म्हणजे रेड-१०, तर सोळाचे आठ उरतात, कारण प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कलेच्या तिघांनी १९८८ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात अशा पाच रचना मांडल्या होत्या. त्यातली पाचवी रचना या दोन टोकांच्या मधली आहे.

रेड-५ मध्ये चार तुकड्यांच्या प्रत्येक ओळीत तीन तुकडे माहितीचे असतात आणि चौथा पडताळणीचा, ज्याला पॅरिटी म्हणतात. पॅरिटीचा हिशेब सोपा आहे. तीन डिस्कवर एकाच ठिकाणी 1, 0, 1 असे बिट असतील, तर एकच्या अंकांची संख्या सम आहे, म्हणून पॅरिटीत 0 लिहायचा. विषम असती तर 1 लिहिला असता. आता समजा दुसरी डिस्क बंद पडली. हाताशी उरले पहिलीचा 1, तिसरीचा 1 आणि पॅरिटीचा 0. चारही मिळून एकची संख्या सम असलीच पाहिजे, आणि ती आत्ताच सम आहे, म्हणून हरवलेला बिट 0 होता. हाच हिशेब कोट्यवधी वेळा केला की हरवलेली डिस्क नव्या डिस्कवर जशीच्या तशी उभी राहते. त्यासाठी किंमत मोजावी लागते ती एका डिस्कएवढ्या जागेची. पॅरिटीचे तुकडे एकाच डिस्कवर ठेवत नाहीत, प्रत्येक ओळीत ते पुढच्या डिस्कवर सरकतात. म्हणून ‘ही पॅरिटीची डिस्क’ असं एकीकडे बोट दाखवता येत नाही. पण जागेची बेरीज नेहमी तीच राहते: डिस्कच्या संख्येतून एक वजा, गुणिले सर्वांत लहान डिस्क. तीन गुणिले चार, बारा.

बारा टेराबाइटचा आकडा मात्र पडद्यावर दिसलाच नाही, तिथे आला 10.9. तिसरी गोष्ट ही, आणि सर्वांत जास्त गैरसमज हिच्याचबद्दल आहेत. डिस्क बनवणारे टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतात. त्यांच्या लेखी एक टेराबाइट म्हणजे बरोबर एक लाख कोटी बाइट. संगणकात मात्र १०२४ च्या पटींनी मोजण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीने वरच्या पायरीचं एकक होतं सुमारे एक लाख नऊ हजार ९५१ कोटी बाइटचं. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने त्याला टेबिबाइट असं वेगळं नाव दिलं. तेच लिनक्सवर TiB असं दिसतं. विंडोज मात्र मोजते टेबिबाइट आणि लिहिते TB, म्हणून ४ टेराबाइटची नवी कोरी डिस्क तिथे 3.63 TB दाखवते. मॅकने २००९ पासून दशमान धरलं, त्यामुळे तीच डिस्क मॅकवर पुरे चार दाखवते. डिस्कवरचे बाइट दोन्हीकडे तितकेच आहेत. हा फरक किलोबाइटच्या पायरीवर सव्वादोन टक्क्यांच्या आसपास होता, टेराबाइटपर्यंत येता येता नऊ टक्के झाला. डिस्क मोठ्या होत गेल्या तसा तो डोळ्यांत खुपू लागला. २००६ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न डिजिटल कंपनीला याच मुद्द्यावरचा ग्राहकांचा दावा तडजोडीने मिटवावा लागला होता.

लिनक्सवर `mdadm --detail /dev/md0` ही आज्ञा दिली, तर दोन्ही मापं शेजारी शेजारी वाचायला मिळतात:

```
Array Size : 11720659200 (10.92 TiB 12.00 TB)
Used Dev Size : 3906886400 (3.64 TiB 4.00 TB)
```

दुसरी ओळ प्रत्येक डिस्कवरून किती जागा घेतली ते सांगते. तिला तिनाने गुणलं की पहिली ओळ बरोबर येते. आपला आकडा चक्रावून टाकणारा वाटला, तर आधी हा गुणाकार करावा. तो जुळला की रचना ठीक आहे. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीचे शंभर-सव्वाशे मेगाबाइट रचनेच्या स्वतःच्या नोंदींसाठी जातात, पण एवढ्या मापात ते जाणवत नाहीत.

शेवटची घट फाइल सिस्टिमची. स्टुडिओच्या बॉक्सवर ext4 आहे असं धरू. फायलींची नावनिशी, तारखा आणि जागा लिहून ठेवायला ती सुरुवातीलाच तक्ते आखून घेते. एवढ्या आकारमानाला ते सुमारे पाऊण टक्का, म्हणजे ८७ गिबिबाइट होतात. त्याशिवाय पाच टक्के जागा ती व्यवस्थापकासाठी राखून ठेवते, जेणेकरून डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्रणा अडकू नये. १०.९ चे पाच टक्के म्हणजे साडेपाचशे गिबिबाइटच्या वर. नुसत्या फोटोंच्या साठ्याला एवढी राखीव जागा लागत नाही. `tune2fs -m 1 /dev/md0` केलं की पाचचा एक टक्का होतो आणि आधीच्या फायलींना धक्का लागत नाही. सगळ्या घटीत विनाखर्च आणि विनाधोका परत मिळणारी जागा एवढीच.

आकडा खरोखर अडचण करतो तो डिस्क बदलताना. दोन डिस्कवर ‘५०० जीबी’ लिहिलेलं असलं तरी त्यांचे बाइट तंतोतंत सारखे असतील असं जुन्या काळी नव्हतं. काही सेक्टरांचा फरक असला आणि नवी डिस्क लहान निघाली, तर `not large enough to join array` असा नकार येतो. पुढे डिस्क उद्योगाच्या आयडीमा या संघटनेने एक सूत्र ठरवलं. त्यानुसार ४ टेराबाइटच्या डिस्कवर सेक्टर होतात ७ अब्ज ८१ कोटी ४० लाख ३७ हजार १६८, मग बनवणारा कोणीही असो. तरीही सावध लोक सुरुवातीलाच प्रत्येक डिस्कच्या शेवटी थोडी जागा मोकळी सोडून विभाग आखतात. काही रेड कंट्रोलर तर स्वतःहूनच माप खाली आणतात, आणि तिथेही चार-दोन गिगाबाइट कमी दिसतात.

उलट प्रकारही घडतो. स्टुडिओने पुढे ४ च्या तिन्ही डिस्क एकामागून एक काढून ८ च्या बसवल्या, तरी आकडा 10.9 वरच थांबलेला दिसेल. रचनेला आपण होऊन वाढायची सवय नाही. `mdadm --grow /dev/md0 --size=max` आणि मग `resize2fs /dev/md0` असं दोन पायऱ्यांनी तिला सांगावं लागतं. त्याआधी सगळ्याची वेगळी प्रत बाहेर घेऊन ठेवायला हवी. तशी प्रत एरवीही लागतेच, कारण चुकून पुसलेला फोटो आरशातल्या दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसला जातो.

कमी दिसणाऱ्या जागेवरून डिस्कची तब्येत ओळखता येत नाही, हेही इथेच सांगायला हवं. रेड-५ मधली एक डिस्क बंद पडली तरी क्षमता 10.92 TiB च दिसत राहते, फायली उघडतात, काम चालू राहतं. बदल होतो तो फक्त `/proc/mdstat` या फायलीत: `[UUUU]` च्या जागी `[UUU_]` येतं. ती खालची रेघ दिसली की दुसरी डिस्क जायच्या आत नवी बसवायची असते. त्याआधी गेलेल्या डिस्कचा अनुक्रमांक कप्प्याच्या पट्टीशी ताडून घ्यायचा, कारण घाईत चुकीची, धडधाकट डिस्क ओढून काढली तर एका डिस्कची पॅरिटी दोन डिस्क भरून काढू शकत नाही.