फी वाढीचं पत्रक कळलं नाही, तर शाळेला चिठ्ठी कशी लिहायची

सावंगी (मेघे) इथून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मुलांच्या दप्तरातून घरी आलेल्या एका कागदाबद्दल आज बोलू. समजा त्यावर एवढंच लिहिलंय: 'चालू वर्षापासून शुल्कात १० टक्के सुधारणा करण्यात आली आहे. पालकांनी फरकाच्या रकमेसह शुल्क ३१ जुलैपर्यंत जमा करावे.'

वाचताना हे सरळ वाटतं, पण हिशोबाला बसलं की अडचण कळते. धरा, लेकीची महिन्याची फी ९०० रुपये आहे, म्हणजे वर्षाचे १०,८००. शिवाय ६०० रुपयांचं सत्र शुल्क दोनदा, म्हणजे १,२००. सगळे मिळून १२,००० झाले. १० टक्के वाढ फक्त महिन्याच्या फीवर असेल तर वर्षाला १,०८० रुपये जास्त लागतील. सगळ्या रकमेवर असेल तर १,२०० लागतील. आणि 'फरक' म्हणजे काय? जून महिन्याची फी जुन्या दराने भरली, तिचे राहिलेले ९० रुपये, की मागच्या वर्षाचाही फरक? मागचं वर्ष धरलं तर आकडा २,४०० वर जातो. एकाच वाक्याचे असे तीन हिशोब निघतात. गटातून कर्ज उचलायचं तर किती उचलायचं, हेच ठरत नाही.

म्हणून आधी कागदावर पेन्सिलीने खुणा करा. जो शब्द वाचून आकडा निघत नाही, त्याखाली रेघ ओढा. जितक्या रेघा तितकेच प्रश्न लिहा, त्यापेक्षा जास्त नको. 'फी का वाढवली?' हा प्रश्न या चिठ्ठीत घालू नका. तो तक्रारीचा भाग आहे. दोन्ही एकत्र केलं की शाळा रागाचं उत्तर देते आणि आकडा तसाच राहतो.

चिठ्ठी अशी लिहिता येईल:

'मा. मुख्याध्यापक यांस, स.न.वि.वि. आपले दिनांक … चे शुल्काबाबतचे परिपत्रक मिळाले. माझी मुलगी … इयत्ता पाचवीत आहे. पुढील बाबींचा खुलासा लेखी मिळावा, ही विनंती.
१. १० टक्के वाढ फक्त मासिक शुल्कावर आहे, की सत्र शुल्कावरही?
२. 'फरकाची रक्कम' कोणत्या महिन्यापासूनची, आणि इयत्ता पाचवीसाठी ती किती रुपये?
३. ही रक्कम हप्त्याने भरता येईल का?
४. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने ही वाढ कोणत्या तारखेस मंजूर केली?
खुलासा मिळेपर्यंत विलंब शुल्क लावू नये, ही विनंती. आपली, …'

चौथा प्रश्न वाचून कुणी म्हणेल, हे आपण विचारायचं का? हो, विचारायचं. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ प्रमाणे खासगी शाळेने फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा असतो. समितीत पालकही असतात. मंजूर झालेली फी सूचना फलकावर मराठीतही लावायची असते, आणि ती दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील असते. म्हणून चिठ्ठी देण्याआधी एकदा फलक बघून या. कधीकधी उत्तर तिथेच लागलेलं असतं.

चिठ्ठीच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. चिठ्ठी कुणाच्या हाती नुसती दिली, तर पुढे 'मिळालीच नाही' असं ऐकावं लागतं. उत्तर तोंडी मिळालं, तर घरी येऊन त्याच प्रतीच्या मागे लिहून ठेवा: कोण बोललं, कधी, किती रुपये सांगितले. मग पुन्हा दोन ओळी लिहून द्या, 'आपण असे सांगितले, तसेच समजावे का?' पैसे भरताना पावतीवर महिन्याची फी, सत्र शुल्क आणि फरक वेगवेगळे लिहून मागा.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिल्या चिठ्ठीची तारीख घालून आठवण द्या आणि आपल्या वर्गाच्या समितीतल्या पालकाला भेटा. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा. फी जास्त आहे अशी तक्रार विभागीय शुल्क नियामक समितीकडे न्यायची, तर कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार किमान २५ टक्के पालक सोबत लागतात. एकटीची तक्रार तिथे चालत नाही. खुलासा मागायला मात्र एकटीची सही पुरते.

जिची मुलगी शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागेवर शिकते, तिने चिठ्ठीत ते आधी लिहावं आणि हे परिपत्रक आपल्याला लागू आहे का, एवढंच विचारावं.

असा कागद तुमच्या घरी आला असेल, तर येत्या बैठकीला घेऊन या. रेघा आपण मिळून ओढू.