विश्लेषण : ‘डीपी’च्या फोटोत नेमके काय दिसते? रोहित्र, इन्सुलेटर, आयसोलेटर कसे ओळखावेत?

पूर ओसरल्यावर सांगली-साताऱ्यातील गावांतून वीज कार्यालयाकडे डीपीचे फोटो जाऊ लागतात आणि त्याखाली एकच ओळ असते, ‘डीपी जळालाय, लवकर बघा’. पण त्या फोटोत डझनभर निरनिराळी उपकरणे असतात. त्यातले नेमके कोणते बिघडले हे कळले, तर कर्मचारी योग्य साहित्य घेऊनच गावात पोहोचू शकतो.

मुद्दा काय?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. तेथील धोका पातळी ४५ फूट आहे. मिरज, पलूस, वाळवा, शिराळा या तालुक्यांतील नदीकाठ पाण्याखाली गेला. वरच्या अंगाला कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडलाही पुराने वेढले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. अशा पुरात शेतातले आणि गावाबाहेरचे डीपी बुडतात. पाणी ओसरल्यावर प्रत्येक डीपीबाबत एकच प्रश्न असतो : नुसता साफ करून चालेल, की रोहित्र उतरवावे लागेल? फोटो नीट वाचता आला, तर या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच मिळते.

डीपी म्हणजे रोहित्र का?

नाही. डीपी हे ‘डबल पोल’चे लघुरूप आहे. दोन खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या, एवढाच त्याचा मूळ अर्थ. या सांगाड्यावर रोहित्र म्हणजेच ट्रान्सफॉर्मर बसवलेले असते. बोलीत मात्र रोहित्र, फ्यूज, स्विच, खालचा बॉक्स या सगळ्यालाच ‘डीपी’ म्हटले जाते. त्यामुळे ‘डीपी जळाला’ या तक्रारीचा अर्थ शंभर रुपयांची फ्यूजतार तुटण्यापासून लाखाच्या घरातले रोहित्र निकामी होण्यापर्यंत काहीही असू शकतो.

फोटो वाचायचा कसा?

वरून खाली, विजेच्या वाटेने. फोटोत सर्वांत वर तीन तारा दिसतात. ती ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची वाहिनी. तारा ज्या चिनी मातीच्या किंवा राखाडी-तपकिरी पॉलिमरच्या आधारांवर टेकलेल्या असतात, ते इन्सुलेटर. तार सरळ पुढे जात असेल, तर खांबावर उभा पिन इन्सुलेटर असतो. तार तिथे संपत किंवा वळत असेल, तर ओढ सहन करणारा आडवा डिस्क इन्सुलेटर असतो. इन्सुलेटरचे काम एकच : तार धरून ठेवायची, पण वीज खांबात उतरू द्यायची नाही.

त्याखाली तिन्ही तारांच्या वाटेत उघडझाप होणाऱ्या धातूच्या पट्ट्या दिसतात. तो एबी स्विच. त्याची खूण म्हणजे खांबालगत खाली उतरणारा लांब पाइप आणि हाताच्या उंचीवरचा, बहुधा कुलूप लावलेला दांडा. स्विचच्या खाली तीन तिरक्या नळ्या असतात. ते डीओ फ्यूज. आतली तार वितळली की नळी वरून सुटते आणि खाली लोंबकळते. तीनपैकी एकच नळी लोंबकळत असेल, तर एक फेज गेला असे फोटोवरूनच सांगता येते. रोहित्राजवळ तीन बारीक, कड्याकड्यांचे दांडे दिसले आणि त्यांच्या खालच्या टोकातून तार जमिनीकडे गेली असेल, तर ते लाइटनिंग अरेस्टर. विजेचा लोळ वाहिनीवर आला, तर त्याला रोहित्रात शिरू न देता जमिनीत वाट करून देण्याचे काम ते करतात.

यानंतर येते ते रोहित्र, म्हणजे तेलाने भरलेली टाकी. तिच्या एका बाजूला तीन उंच बुशिंग असतात, तिथे ११ केव्हीच्या तारा येतात. दुसऱ्या बाजूला चार बुटके बुशिंग असतात. तीन फेज आणि एक न्यूट्रल. तीन उंच आणि चार बुटके, ही रोहित्राची पक्की खूण. मोठ्या रोहित्रावर आडवा डबा असतो. तेल तापून फुगले की त्यात चढते. त्याच्या नळीला लोंबणारी पारदर्शक बरणी म्हणजे ब्रीदर. तिच्यातील सिलिका जेलचे दाणे हवेतला ओलावा शोषतात. कोरडे असताना ते सहसा निळे असतात, ओलावा भरला की गुलाबी होतात. सर्वांत खाली, साधारण छातीच्या उंचीवर, किटकॅट फ्यूजचा लोखंडी बॉक्स असतो. तिथून पुढे घरांना आणि मोटारींना वीज जाते.

बॉक्सकडे जाणाऱ्या केबल जाड आणि वरच्या तारा बारीक का, हेही यातून कळते. १०० केव्हीएचे रोहित्र पूर्ण भारावर असेल, तर ११ केव्हीच्या बाजूला प्रत्येक तारेतून सुमारे ५ अँपिअर प्रवाह वाहतो. बुटक्या बुशिंगच्या बाजूला ४३३ व्होल्टवर तोच प्रवाह सुमारे १३३ अँपिअर होतो.

पुराच्या फोटोत काय शोधायचे?

चिखलाची रेघ. समजा, नदीकाठच्या एका डीपीच्या फोटोत रेघ बॉक्सच्या वर, पण टाकीच्या तळाखाली आहे. याचा अर्थ पाणी बॉक्समध्ये शिरले, रोहित्रात नाही. बॉक्स धुऊन वाळवणे, गाळाने भरलेले किटकॅट बदलणे, केबलची तपासणी आणि अर्थिंग पाहणे, हे काम उरते.

दुसऱ्या फोटोत रेघ टाकीच्या वर, ब्रीदरच्याही वर गेली आहे. आता ब्रीदरच्या वाटेने किंवा बुशिंगच्या सैल वायसरमधून पाणी आत गेल्याची शंका घ्यावी लागते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून तेलाचा नमुना तळाच्या व्हॉल्व्हमधून घेतला जातो आणि त्याची बीडीव्ही चाचणी होते. अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन धातूच्या टोकांमध्ये ते तेल किती व्होल्टला हार मानते, हे त्यात पाहतात. साधारण ३० केव्हीच्या खाली आकडा आला, तर तेल गाळून कोरडे केल्याशिवाय रोहित्र चालू करत नाहीत. वाइंडिंगचे इन्सुलेशनही मेगरने मोजावे लागते. बाहेरून चकचकीत धुतलेले रोहित्र या चाचण्यांशिवाय चालू केले, तर पूर सोसलेले रोहित्र वीज सोडताच जळू शकते.

एबी स्विच आणि आयसोलेटर एकच का?

एकाच जातीचे. उपकेंद्रातील आयसोलेटर आणि डीपीवरील एबी स्विच, दोन्ही उघडल्यावर हवेतली मोकळी फट डोळ्यांना दिसते. त्याच फटीसाठी ते असतात : पुढचा भाग वाहिनीपासून तुटला आहे याची खात्री पटावी म्हणून. भरल्या भाराचा प्रवाह तोडण्यासाठी ते बनवलेले नसतात. भार चालू असताना उघडले, तर फटीत ठिणगीचा लोळ उठतो. म्हणून उपकेंद्रात आधी ब्रेकर उघडतात, मग आयसोलेटर. चालू करताना उलटा क्रम. डीपीवरही आधी खालच्या बॉक्समधला भार काढायचा असतो.

फोटोत स्विच उघडा दिसला, तरी डीपी ‘बंद’ समजणे जिवावर बेतू शकते. फटीच्या वरची बाजू जिवंतच असते. शिवाय एखाद्या घरातला जनरेटर योग्य चेंजओव्हरशिवाय जोडलेला असेल, तर वीज उलट्या वाटेने रोहित्रात शिरून ११ केव्हीच्या बाजूलाही पोहोचू शकते. म्हणूनच लाइनमन वीज नसल्याची तपासणी करून, दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावत नाही.

उपकेंद्राच्या फोटोत सगळे खांब सारखेच का दिसतात?

कारण प्रत्येकाच्या अंगावर इन्सुलेटरच्याच कड्या असतात. इथे आकारावर जाऊ नये, जोडणी पाहावी. तार एका बाजूने डोक्यात शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असेल, तर तो सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर. मुख्य तारेतून एकच फाटा येऊन डोक्यावर थांबत असेल, तर तो व्होल्टेज मोजणारा पीटी किंवा लाइटनिंग अरेस्टर. यांपैकी अरेस्टरच्या तळातून वेगळी तार निघून माणसाच्या उंचीवरच्या छोट्या काउंटरमधून जमिनीत जाते. तार नुसती टेकून पुढे जात असेल, तर तो साधा आधाराचा इन्सुलेटर. प्रवाहाच्या वाटेतच उभा असूनही ज्याची उघडझाप दिसत नाही आणि ज्याच्या पायथ्याशी यंत्रणेची पेटी आहे, तो ब्रेकर. त्याचे संपर्क आत बंदिस्त असतात.

मनोऱ्याच्या फोटोवरून व्होल्टेज सांगता येते का?

बऱ्याच वेळा. कोयना प्रकल्पाची वीज २२० आणि ४०० केव्हीच्या वाहिन्यांनी घाट चढून येते. कराडला महापारेषणचे ४०० केव्ही उपकेंद्र आहे. या परिसरातील मनोऱ्यांवर लटकणाऱ्या माळेतील डिस्क मोजाव्यात. ३३ केव्हीला साधारण ३, १३२ केव्हीला ९ ते १०, २२० केव्हीला १३ ते १५, तर ४०० केव्हीला २३च्या आसपास डिस्क असतात. ४०० केव्हीची आणखी एक खूण म्हणजे प्रत्येक माळेखाली एकाऐवजी दोन किंवा अधिक तारा असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर स्पेसर लावलेले दिसतात.

हा हिशेब दोन ठिकाणी फसतो. पॉलिमर इन्सुलेटर हा अखंड दांडा असतो, त्याच्या पातळ छत्र्या म्हणजे डिस्क नव्हेत. तसेच पुढे वाढीव व्होल्टेजसाठी बांधलेली वाहिनी सध्या कमी व्होल्टेजवरही चालवलेली असू शकते.

तक्रारीसाठी फोटो कसा असावा?

तीन पुरेत. पहिला पूर्ण डीपीचा, दोन्ही खांब आणि चिखलाची रेघ दिसेल असा. दुसरा बिघडलेल्या भागाचा, झूम करून. तिसरा खांबावर किंवा रोहित्रावर रंगवलेल्या डीटीसी क्रमांकाचा. त्यावरून कार्यालयाला डीपी नेमका सापडतो. तिन्ही फोटो दुरूनच काढावेत. तार तुटून पडली असेल किंवा डीपीभोवती पाणी साचले असेल, तर तिकडे न जाता आधी १९१२ वर फोन करावा.

फोटोखालची ओळही बदलावी. ‘डीपी जळालाय’ऐवजी ‘मधला डीओ लोंबतोय, रेघ बॉक्सच्या वर, टाकीच्या खाली’ एवढे लिहिले, तर फ्यूजतार आणि किटकॅट न्यायचे, की रोहित्र उतरवायला क्रेन पाठवायची, हे कार्यालयात बसूनच ठरवता येते. तेलात पाणी गेले आहे का, हे मात्र कोणत्याच फोटोत दिसत नाही. त्यासाठी तळाचा व्हॉल्व्ह उघडावाच लागतो.