अडीच किलो डाळ, अडीच लिटर तेल

ऑफिसच्या कॅन्टीनला जाणारा नेहमीचा मेल दोन ओळींचा असतो. ‘जेवणात तेल फार असतं, प्रोटीन कमी असतं. कृपया हेल्दी पर्याय द्यावेत.’ मॅनेजर तो वाचतो, ‘नक्की बघतो’ असं कळवतो आणि दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या भाजीवर तीच तर्री येते. त्यात त्याचा आळस असतोच असं नाही. त्याच्या स्वयंपाकघरात ‘हेल्दी’ नावाचा जिन्नस नाही. तिथे तेलाचे डबे आहेत, डाळीची पोती आहेत, चार आचारी आहेत, साडेबाराची वेळ आहे आणि कंपनीशी ठरलेला ताटाचा दर आहे. मेल या हिशेबात बसला, तरच त्याचं काही होतं.

म्हणून आधी हिशेब करू. पुण्यातलं एखादं ऑफिस घ्या, जिथे रोज दोनशे ताटं लागतात. ताटात तीन चपात्या, वाटीभर भात, वरण किंवा आमटी, एक भाजी आणि कधी पापड. तेलाचा अंदाज ताटाकडे बघून येत नाही, तो कोठीत येतो. पंधरा लिटरचा डबा किती दिवस पुरतो, एवढंच विचारायचं. उत्तर ‘दोन दिवस’ असं आलं, तर रोजचं तेल साडेसात लिटर आणि ताटामागे साधारण ३७ मिलिलिटर, म्हणजे जवळपास ३४ ग्रॅम. कढईत उरणारं आणि टाकून दिलं जाणारं तेल वजा केलं, तरी तीस ग्रॅमच्या आसपास राहतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन हजार कॅलरींच्या आहाराला तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम सांगितलं आहे. अख्ख्या दिवसाचं तेल एका जेवणात संपतं आणि रात्रीची फोडणी अजून व्हायचीच असते.

हे तेल आचाऱ्याने उगाच ओतलेलं नसतं. भाजी साडेबाराला तयार होते आणि अडीचपर्यंत गरम पाण्यावरच्या ट्रेमध्ये राहते. कमी तेलाची भाजी तासाभरात कोरडी पडते, कडेला चिकटते आणि शेवटच्या पंगतीला शिळी वाटते. तेलाची तकाकी तिला ताजी दाखवते. चपातीचंही तसंच. कणकेत तेल घातलं आणि भाजल्यावर वरून हात फिरवला, की ती डब्यात दोन तास मऊ राहते. त्यामुळे ‘तेल निम्मं करा’ असं फर्मान काढलं, तर आठवड्यात तक्रारी येतात आणि डबा पुन्हा पहिल्यासारखा उडू लागतो. तेल कुठे कमी करायचं आणि कुठे राहू द्यायचं, हे मेलमध्येच लिहायला हवं.

आता प्रोटीन. त्याचा हिशेबही कोठीतूनच सुरू होतो. दोनशे माणसांच्या वरणाला किती डाळ शिजते? अनेक कॅन्टीनमध्ये ती अडीच किलोच्या आसपास निघेल, म्हणजे माणशी साडेबारा ग्रॅम. तूरडाळीत शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे वाटीतून जेमतेम पावणेतीन ग्रॅम मिळालं. वरण दहा मिनिटं स्थिर ठेवलं आणि वर पाणी, खाली पिवळा गाळ अशी फारकत झाली, तर डाळ कमी आहे हे कोठीत न जाताही कळतं.

ताटातलं बाकीचं प्रोटीन धान्याचं. तीन चपात्यांना नव्वद ग्रॅम कणीक धरली तर नऊ ग्रॅम, पन्नास ग्रॅम तांदळाचं चार, भाजीचं दोनेक. सगळं मिळून अठरा. पासष्ट किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ आणि पंचावन्न किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रोटीन पुरेसं मानतात. म्हणजे कागदावर ताट तिसरा हिस्सा भरतं, आणि मॅनेजर तसं म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. पण सकाळी पोहे किंवा चहा-बिस्किटं, संध्याकाळी वडापाव आणि रात्री भाजी-पोळी असा दिवस असेल, तर उरलेले दोन हिस्से भरत नाहीत. शिवाय गहू-तांदळाच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी पडतो. ती उणीव डाळी-कडधान्यं भरून काढतात, पण त्यासाठी ती पुरेशी असावी लागतात. म्हणून दुपारच्या ताटात पंचवीस ग्रॅमच्या पुढे जाणं रास्त ठरतं.

एवढी माहिती हाताशी असली, की मेल असा होतो :

विषय : दोन आठवड्यांसाठी मेनूत तीन बदल, ताटाचा दर तोच ठेवून

नमस्कार साहेब,

मी तिसऱ्या मजल्यावर अकाउंट्समध्ये आहे. मंगळवारी आपल्याकडच्या आचारीमामांशी बोललो. तेलाचा डबा दोन दिवस पुरतो आणि वरणाला रोज अडीच किलो डाळ लागते, असं त्यांनी सांगितलं. त्यावरून तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, वरणाची डाळ अडीचवरून पाच किलो करावी. दुसरी, मंगळवारी आणि शुक्रवारी बटाट्याच्या भाजीऐवजी उसळ ठेवावी. एकदा मटकी आणि एकदा हरभरा किंवा चवळी, कोरडं कडधान्य माणशी ४० ग्रॅम, म्हणजे आठ किलो. तिसरी, रोजचं तेल साडेसातवरून पाच लिटरवर आणावं. चपातीचं तेल तसंच राहू द्या, नाहीतर ती वातड होईल. रस्सा-उसळीवरचा कट आणि रोजचे तळलेले पापड यांतून कपात करता येईल. पापड भाजून चालतील. कोरडी भाजी दोन घाण्यांत केली, अर्धी बाराला आणि अर्धी एकला, तर तेल कमी घालूनही ती वाळणार नाही.

खर्चाचं म्हणाल, तर डाळ आणि तेल या दोन्हींचा भाव किलो-लिटरला सव्वाशे ते दीडशे धरला, तर वाचलेल्या अडीच लिटरमध्ये वाढीव अडीच किलो डाळ बसते. उसळीचा खर्च बटाट्यापेक्षा थोडा जास्त येईल. तो किती येतो, ते आपण दोन आठवडे पाहू. दर शुक्रवारी किती डबे फुटले आणि उरलेलं अन्न किती किलो निघालं, हे लिहून ठेवलंत, तर पुढचं बोलणं सोपं होईल. ॲडमिनला या मेलची प्रत दिली आहे, कारण मेनू बदलायला त्यांची संमती लागते. बुधवारी चारनंतर तुम्हाला वेळ असेल तर भेटायला येतो.

आपला,
(नाव, विभाग)

या मेलमध्ये कॅलरी हा शब्द नाही, की कोणाच्या कोलेस्टेरॉलचा उल्लेख नाही. वरणातून पावणेतीन ग्रॅम प्रोटीन वाढतं. उसळीच्या दिवशी भाजीचे दोन ग्रॅम जाऊन आठ येतात. म्हणजे अठराचं ताट त्या दोन दिवशी सव्वीस-सत्तावीसवर जातं आणि तेल ताटामागे अकरा-बारा ग्रॅमनी उतरतं. हे गणित जाणणाऱ्याने मनात ठेवावं. मॅनेजरला डबा आणि किलो पुरतात.

पनीर का नाही, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. चाळीस ग्रॅम पनीरमधून सात ग्रॅम प्रोटीन मिळतं, पण चाळीस ग्रॅम कडधान्याच्या मानाने ते कितीतरी महाग पडतं, आणि कॅन्टीनमध्ये पनीर आलं की सोबत काजूची, तेलावर तरंगणारी ग्रेव्हीही येते. दर परवडावा म्हणून दुधाऐवजी वनस्पती चरबीपासून केलेलं नकली पनीर वापरलं जाण्याचा धोका वेगळाच. सोयाचे वडे मात्र गंभीरपणे विचारात घ्यावेत. वीस ग्रॅम कोरड्या वड्यांत दहा ग्रॅम प्रोटीन असतं. ते उकळून घट्ट पिळले नाहीत, तर त्यांचा उग्र वास जात नाही. बहुतेक कॅन्टीनमध्ये सोया बदनाम झाला तो या पिळण्याच्या कंटाळ्यामुळे.

उकडलेली अंडी हा सर्वांत सोपा उपाय. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम प्रोटीन, तेल शून्य, कौशल्य शून्य. पण भांडी आणि वाढण्याची जागा वेगळी हवी, पैसे वेगळे घ्यावेत, आणि सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण यांचा अंदाज घेऊन संख्या ठरवावी. पहिल्याच मेलमध्ये अंडं घातलं, की चर्चा शाकाहारावर जाते आणि डाळ बाजूला पडते. ते दुसऱ्या मेलसाठी ठेवावं.

उसळीतही चुका होतात. मोड आणायला मटकी रात्रभर भिजवून कापडात बांधावी लागते. पुण्याच्या थंडीत मोडांना एखादा दिवस जास्त लागतो आणि मे महिन्यात तीच मटकी आंबते. बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला, तर ती टाकून द्यावी, फोडणीत लपवू नये. हरभरा आठ तास भिजला नाही, तर शिट्ट्या कितीही केल्या तरी टणक राहतो आणि मग दुपारच्या मीटिंगमध्ये लोकांची पोटं गुरगुरतात. पहिल्या आठवड्यात मटकीच ठेवावी, ती पचायला हलकी.

आणखी एक गोष्ट. फळ्यावर ‘डाएट थाळी’ असं लिहायला लावू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या उपाहारगृहात संशोधकांनी त्याच भाज्यांना कधी आरोग्याची, तर कधी चवीची नावं देऊन पाहिलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चवीची नावं असलेल्या दिवशी जास्त लोकांनी भाजी घेतली. आपल्याकडे ‘मोड आलेल्या मटकीची उसळ, लिंबू-कांदा’ एवढं पुरे आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना प्रोटीन मोजून घ्यावं लागतं, म्हणून उसळ त्यांच्या ताटात आपसूक वाढू नये, मागितल्यावर द्यावी.

दोन आठवड्यांनी दोन आकडे बघायचे. डबा दोनऐवजी तीन दिवस पुरू लागला असेल, तर तेल खरोखर कमी झालं. उरलेल्या अन्नाचं वजन वाढलं असेल, तर लोकांनी बदल नाकारला आणि आचाऱ्याशी चवीबद्दल पुन्हा बोलायला हवं. डबा तीन दिवस पुरतोय, पण वरणावर पाणी तसंच तरंगतंय, तर वाचलेल्या तेलाची डाळ झाली नाही, कंत्राटदाराचा नफा झाला. तेव्हा ॲडमिनला दिलेली प्रत कामी येते.

कारखान्यात असाल, तर हाच मजकूर कामगार प्रतिनिधी असलेल्या कॅन्टीन समितीपुढे ठेवा. ऑफिसात अशी समिती बहुधा नसते, तिथे मेलवर पाच-सहा सहकाऱ्यांची नावं घ्या. पुढच्या महिन्याचा मेनू आणि किराण्याची यादी साधारण आदल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठरते. मेल त्याआधी, वीस तारखेच्या सुमारास पाठवा.