बुलेटचं काय ठेवायचं, काय बदलायचं?

व्यवस्थापनाच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. एक जुना, नावाजलेला ब्रँड आहे, त्याची विक्री वर्षानुवर्षं घसरते आहे. ब्रँडची तपासणी करा आणि त्याला उभारी देण्याची योजना मांडा. बहुतेक उत्तरपत्रिका पहिल्याच पानावर नवा लोगो, तरुण नट आणि समाजमाध्यमांवरची मोहीम सुचवून मोकळ्या होतात. रोगी न तपासताच चिठ्ठी लिहून दिल्यासारखं हे उत्तर असतं. असं उत्तर पायरीपायरीने कसं उभं करायचं, हे पाहायला रॉयल एनफिल्डच्या बुलेटइतकं चांगलं उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

सन 2000 मधली स्थिती आधी पाहू. रॉयल एनफिल्ड तेव्हा आयशर मोटर्सच्या ताब्यात होती. कारखान्यांची क्षमता महिन्याला सुमारे 6,000 गाड्यांची होती, पण खपत होत्या साधारण 2,000. तोटा साचत होता आणि कंपनी विकावी किंवा बंद करावी, असा विचार संचालक मंडळात चालू होता. त्या वेळी विशीतल्या सिद्धार्थ लाल यांनी ती सावरण्यासाठी मुदत मागून घेतली. लाल स्वतः बुलेट चालवणारे होते.

उत्तराची पहिली पायरी म्हणजे यादी. कंपनी बाजारात नेमकं काय मांडते आहे, हे कोणतंही मत न घालता लिहून काढायचं. केव्हिन लेन केलर यांच्या ब्रँड व्यवस्थापनावरच्या पाठ्यपुस्तकात तपासणीचे दोन भाग सांगितले आहेत, त्यांतला हा पहिला. बुलेटची यादी अशी झाली असती. नाव इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या कंपनीचं. भारतीय लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, म्हणून 1955 पासून मद्रासला उत्पादन सुरू झालं. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, मद्रासची चालू राहिली. इंजिन 350 सीसीचं, ओतीव लोखंडाचं, रचना जवळपास पन्नासच्या दशकातलीच. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या, म्हणजे बाकी सगळ्या गाड्यांच्या उलट. टाकीवरच्या सोनेरी रेघा कारागीर हाताने ओढत. शेजारी बाजारात हीरो होंडाची स्प्लेंडर उभी होती. ती हलकी होती, लिटरला भरपूर पळायची आणि सहसा बिघडायची नाही.

ही यादी कंटाळवाणी वाटते, म्हणून विद्यार्थी ती उरकून टाकतात. पण पुढे प्रत्येक ओळीसमोर ‘ठेवा’ किंवा ‘बदला’ असं लिहायचं असतं. यादीतून एखादी गोष्ट सुटली, तर ती नकळत मारली जाते.

दुसरी पायरी अवघड. आता लोकांच्या मनात काय आहे ते शोधायचं. इथे नेहमीची चूक म्हणजे फक्त गिऱ्हाइकांनाच विचारणं. घसरत्या ब्रँडचं आजचं गिऱ्हाईक हे सगळं सोसूनही टिकलेलं असतं. त्याच्या उत्तरातून घसरणीचं कारण कळणार नाही. किमान तीन गट वेगळे करावे लागतात: ज्यांच्याकडे गाडी आहे ते, ज्यांनी ती सोडली ते, आणि ज्यांना ती आवडते पण ज्यांनी कधीच घेतली नाही ते. प्रश्नही मोकळे हवेत. ‘बुलेट म्हटल्यावर काय आठवतं?’ असं विचारून गप्प बसायचं. ‘बुलेट विश्वासार्ह आहे का?’ असं विचारलं की उत्तरणारा त्याच शब्दात अडकतो.

बुलेटविषयी या तीन गटांची उत्तरं कुठल्या बाजूला झुकतात, हे त्या काळी गॅरेजमध्ये तासभर उभं राहिलेल्या कुणालाही सांगता आलं असतं. फौजी, फौजदार, उत्तरेतले शेतकरी, लडाखच्या वाटा, रुबाब आणि ती लांबून ओळखू येणारी धडधड, हे सगळ्यांनाच आठवायचं. नाव माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. मात्र तिसऱ्या गटाच्या उत्तरात एक ‘पण’ यायचा. पण तेल गळतं. पण वायरिंग दगा देतं. पण घाटात बंद पडली तर मेकॅनिक कुठे शोधायचा? आणि सगळ्यांत मोठा ‘पण’ किकचा.

जुनी बुलेट सुरू करणं हा एक विधी होता. डीकॉम्प्रेशनची छोटी दांडी दाबायची, हलकी किक देत ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, दांडी सोडायची आणि मग अंगाचा भार टाकून पूर्ण किक मारायची. अंदाज चुकला तर किक उलटून नडगीवर बसायची. जुन्या मालकाला या विधीचा अभिमान होता, कारण तो येणं म्हणजे बुलेटवाल्यांत गणना होणं. नवख्याला मात्र तीच किक शोरूमच्या दारातून परत पाठवायची.

सगळं उत्तर इथे येऊन ठेपतं. म्हाताऱ्या ब्रँडमध्ये त्याचा ठेवा आणि त्याची अडचण बहुधा एकाच वस्तूत गुंतलेले असतात. निष्ठावंतांना जे प्रिय असतं, त्यालाच नवे लोक घाबरतात. तपासणीचं खरं काम ही गुंतागुंत हलक्या हाताने सोडवणं हे आहे.

तिसऱ्या पायरीवर निदान करायचं. ब्रँड तीन कारणांनी थकतो: लोक त्याला विसरतात, त्याची प्रतिमा शिळी होते, किंवा वस्तूच काळाच्या मागे पडते. प्रत्येकाचा उपाय वेगळा. बुलेटचं नाव ठाऊक होतं, प्रतिमा तर हेवा वाटावी अशी होती. मागे पडली होती ती गाडी. त्यामुळे पैसा जाहिरातीत घातला असता तर वाया गेला असता. जाहिरात पाहून माणूस शोरूममध्ये आला असता आणि किक मारून घरी गेला असता. उपाय कारखान्यात होता. उत्तरपत्रिकेत हे एक वाक्य स्पष्ट लिहिणारा विद्यार्थी अर्धी लढाई जिंकतो.

मग येते ‘ठेवा आणि बदला’ची पायरी. इथे कंपनीचे निर्णय तपशिलाने पाहण्यासारखे आहेत. गिअर डाव्या पायाशी आणला गेला. त्यावर जुने बुलेटवाले चिडले. त्यांच्या लेखी ही ओळखीवरच घाला होता. पण थोडा विचार केला तर उजवा गिअर ही बाहेरच्या कुणाच्याही मनातली बुलेट नव्हती. तो केवळ सवयीचा भाग होता आणि दुसऱ्या गाडीवरून येणाऱ्यासाठी धोक्याचा. ब्रेक म्हणून गिअर दाबला गेला तर काय होईल, हे सांगायला नको. निष्ठावंतांचा रोष पत्करावा असा हा बदल होता.

आवाजाचं तसं नव्हतं. लोखंडी इंजिन बदलावंच लागणार होतं: तेलगळती, उष्णता, झीज आणि कडक होत जाणारे प्रदूषणाचे नियम, सगळी कारणं एकाच दिशेने बोट दाखवत होती. 2008-09 च्या सुमारास नवं ॲल्युमिनियमचं इंजिन आलं. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात बसवले होते, त्यामुळे सांधे कमी झाले आणि तेल गळायच्या जागाही. मात्र सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर, ही जुनी लांब धावेची मापं कायम ठेवली. अशा इंजिनात स्फोट सावकाश, एकेक सुटा ऐकू येतो. धडधड येते ती तिथून. जुन्या लोखंडी इंजिनाचा आवाज हुबेहूब आला नाही, जाणकारांनी ते लगेच ओळखलं. पण रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला न पाहताही बुलेट कळत होती, आणि कसोटी तीच होती. बटणावर सुरू होण्याची सोय आली तरी किकही पुष्कळ काळ जागेवर राहिली.

याच इंजिनावर 2009 मध्ये क्लासिक आली. थेंबाच्या आकाराची टाकी, एकाच माणसाची स्प्रिंगवाली सीट, गोल दिवा, म्हणजे रूप पन्नासच्या दशकातलं आणि सकाळी बटण दाबल्यावर निमूट सुरू होणं आजचं. 2010 मध्ये कंपनीने वर्षभरात सुमारे 50,000 गाड्या विकल्या. 2014 मध्ये तो आकडा तीन लाखांच्या वर गेला. गाडीसाठी महिनोन् महिने थांबावं लागे.

दहा वर्षं लागली, याकडे उत्तरात दुर्लक्ष होऊ नये. दरम्यान जयपूरचा कारखाना बंद करून खर्च आवरला गेला. आयशर समूहाने पुष्कळसे धंदे सोडले. ज्या ट्रॅक्टरांवर समूहाची ओळख उभी होती, तो ट्रॅक्टरचा व्यवसायही 2005 मध्ये टॅफेला विकला. पैसा आणि लक्ष एकाच ठिकाणी एकवटल्याशिवाय इंजिन नव्याने बांधता येत नाही. गोव्यातला रायडर मेनियाचा मेळावा आणि हिमालयातली ओडिसी ही सफर यांनी मालकांना एकमेकांशी बांधून ठेवलं. त्यांचा वाटा मोठा आहे, पण गाडी रस्त्यात दगा देणारी राहिली असती तर असल्या सफरींनी उलट बदनामीच केली असती. क्रम महत्त्वाचा तो यासाठी.

चुकीच्या निदानाची किंमत पाहायची तर पुण्याकडे वळावं. बजाजची चेतक 1972 पासून मराठी मध्यमवर्गाच्या दारात उभी होती. मोटरसायकलींनी बाजार व्यापला तशी ती 2000 च्या दशकाच्या मध्यात बंद झाली, आणि 2009 मध्ये कंपनीने स्कूटरचा धंदाच सोडण्याचं ठरवलं. स्कूटर या प्रकाराचे दिवस संपले, असं त्यामागचं निदान होतं. म्हातारी झाली होती ती हाताने गिअर बदलायची जुनी रचना. होंडाची बिनगिअरची ॲक्टिव्हा तर 2001 पासून वाढतच होती. जानेवारी 2020 मध्ये चेतक विजेवर परतली, तेव्हा नाव, गोलाई आणि पत्र्याची बॉडी तेवढी ठेवली होती. मधल्या काळात लोक नाव विसरले नव्हते, पण त्या नावावर विकायला कंपनीकडे काहीच नव्हतं.

शेवटची पायरी मोजमापाची. निव्वळ विक्री मोजली तर फसगत होते, कारण उधारी आणि सवलतींनी ती काही महिने फुगवता येते. नव्या खरेदीदारांचं वय, पहिल्यांदाच हा ब्रँड घेणाऱ्यांचं प्रमाण, वॉरंटीत येणाऱ्या तक्रारी आणि जुन्या गाडीला मिळणारा भाव, हे आकडे लवकर बोलतात. खप वाढतो आहे पण खरेदीदारांचं सरासरी वयही दरवर्षी चढतं आहे, असं दिसलं तर ब्रँड पुन्हा म्हातारा होऊ लागला आहे असं समजावं. ऑगस्ट 2022 मध्ये रॉयल एनफिल्डने शहरी तरुणांसाठी हंटर 350 आणली. तेव्हा किंमत दीड लाखाच्या आसपासपासून होती, वजन 181 किलो, म्हणजे क्लासिकपेक्षा चौदा किलोंनी कमी. सोनेरी रेघा नाहीत, किक नाही. इंजिन मात्र क्लासिकचंच. जुन्या मंडळींपैकी काही जण तिला बुलेटच्या घरातली मानायला तयार नाहीत.